भाषांतरित पुस्तकाची नोंद: साल कुठलं लिहायचं, आणि भाषांतरकाराला बसवायचं कुठे?

निळी_शाई

नमस्कार मंडळी. सोलापूर विद्यापीठात माझं पीएचडीचं काम चालू आहे. विषय: मराठी दलित आत्मकथनांची इंग्रजी भाषांतरं. प्रबंध इंग्रजीत आहे आणि संदर्भ एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे द्यायचेत.

अडकलेय ती अशी. शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' मराठीत आलं 1984 साली. संतोष भूमकरांनी केलेलं इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डने काढलं 2003 मध्ये. मी उतारे घेतेय ते इंग्रजीतून. मग मजकुरात कंसात साल कुठलं? आमच्या खोलीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, हातातल्या पुस्तकावर आहे तेच लिही. दुसरा म्हणतो, "2003 लिहिलंस तर लिंबाळे काय एकविसाव्या शतकात लिहायला लागले का?"

दुसरं दुखणं जास्त मोठं आहे. माझा सगळा प्रबंध भाषांतरकारांवर, आणि कंसात दर वेळी नाव मात्र लेखकाचं. भूमकर बिचारे शेवटच्या यादीत कंसात जाऊन बसतात. याला काही वाट आहे का?

---

सात_रस्ता

सोपं आहे ताई. पुस्तक लिंबाळ्यांचं, त्यांनी लिहिलं 1984 साली. 1984 टाका आणि पुढे चला. भाषांतर म्हणजे शेवटी त्याच पुस्तकाची दुसऱ्या भाषेतली आवृत्ती. भाषांतरकाराचं नाव यादीत आलं की झालं काम.

---

ग्रंथपाल_काका

सात_रस्ता, तुमचं अर्धं बरोबर आहे. 1984 हवंच. पण नुसतं 1984 लिहून खाली पान क्रमांक दिलात, तर ते पान कुठल्या पुस्तकाचं? 1984च्या मराठी पुस्तकात त्या पानावर ते वाक्य सापडणार नाही, कारण ते वाक्यच इंग्रजी आहे. परीक्षक ग्रंथालयात जाऊन मराठी प्रत उघडेल आणि नोंद खोटी म्हणेल.

म्हणून एपीए दोन्ही सालं मागते. मजकुरात आधी मूळ साल, मग तिरकी रेघ, मग भाषांतराचं साल: (लिंबाळे, 1984/2003). यादीत मात्र नावाच्या पुढे फक्त 2003 येतं, कारण ग्रंथालयात शोधायचं ते पुस्तक 2003चं आहे. मूळ साल नोंदीच्या अगदी शेवटी जातं. अशी:

```
Limbale, S. (2003). The outcaste: Akkarmashi
(S. Bhoomkar, Trans.). Oxford University Press.
(Original work published 1984)
```

शीर्षक तिरप्या अक्षरात येईल, इथे दाखवता येत नाही. दोन गोष्टी बघून ठेवा. लेखकाचं आडनाव आधी येतं, पण भाषांतरकाराचं आद्याक्षर आधी आणि आडनाव नंतर. आणि शेवटच्या कंसानंतर पूर्णविराम नाही. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या दहातल्या आठ नोंदींत तो असतोच.

आता हे सगळं कशासाठी, ते तुमच्याच विषयातून सांगतो. दया पवारांचं 'बलुतं' 1978चं. जेरी पिंटोंनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर आलं 2015 मध्ये. तुम्ही फक्त भाषांतरांची सालं लिहिलीत, तर प्रबंधात दिसेल: लिंबाळे 2003, पवार 2015. मराठी न जाणणारा परीक्षक यावरून काय समजेल? की 'अक्करमाशी' आधी आलं आणि 'बलुतं' बारा वर्षांनी. प्रत्यक्षात 'बलुतं' सहा वर्षं आधीचं आहे. म्हणजे क्रम नुसता सरकत नाही, उलटाच होतो. कोणाची वाट कोणी पाडली, हा दलित आत्मकथनांच्या चर्चेतला मुख्य प्रश्न आहे आणि तुमचे कंस त्याचं उत्तर चुकीचं देत बसतील. (पवार, 1978/2015) आणि (लिंबाळे, 1984/2003) असं लिहिलंत की मराठीतला क्रमही दिसतो आणि इंग्रजीतलाही. भाषांतरावरच्या प्रबंधाला तर दोन्ही हवेत. एकाला इंग्रजीत यायला 19 वर्षं लागली आणि दुसऱ्याला 37, हे तुमच्यासाठी आयतं निरीक्षण आहे.

---

विणकर_पोर

काका, 37 वर्षं म्हणजे आमच्या विजापूर रोडचं कामसुद्धा त्याआधी होईल बे!

---

सात_रस्ता

विणकर_पोर, इतका आशावादी माणूस सोलापुरात पहिल्यांदा पाहिला.

काका, मुद्दा पटला. पण 2003च्या पुस्तकाची हातातली प्रत नंतरच्या छपाईची असेल तर? साल मग तिसरंच होईल.

---

ग्रंथपाल_काका

नाही होणार. मुखपृष्ठानंतरचं शीर्षकाचं पान उलटा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं असतं. तिथे 'पुनर्मुद्रण' असं लिहून नुसती वर्षं दिली असतील, तर तोच मजकूर पुन्हा छापलाय, पानंही तीच, त्यामुळे 2003च राहतं. 'सुधारित आवृत्ती' किंवा 'दुसरी आवृत्ती' असेल तर मात्र ते नवीन साल घ्या, कारण पानं हललेली असतात. मूळ साल दोन्ही वेळा 1984च.

मराठी मूळ साल शोधताना इंग्रजी पुस्तकावर विसंबू नका. भाषांतराच्या प्रतीवर कधी मूळ साल असतं, कधी नसतं, आणि कधी मराठीच्या तिसऱ्या आवृत्तीचं साल मूळ म्हणून छापलेलं असतं. मराठी प्रत हातात घ्या, तिच्यावर पहिल्या आवृत्तीची ओळ बघा. हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या प्रती बघायला जाता येईल.

जुन्या पुस्तकांवर नुसतं शके सापडलं तर 78 मिळवा. शके 1882 म्हणजे 1960. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे पुस्तक पौष, माघ, फाल्गुनात निघालं असेल तर बहुधा 79 मिळवावे लागतात. महिना छापलेला नसेल तर 1960–61 लिहून मोकळं व्हा.

---

होटगीचा_हेमू

मस्त धागा. माझं पण असंच आहे. एका इंग्रजी पुस्तकाचं मी मराठीत भाषांतर करतोय, अर्धं झालंय. लेखकाची परवानगी लागते का? आणि माझं नाव मुखपृष्ठावर येईल का?

---

निळी_शाई

हेमूदादा, इथे छापून आलेल्या भाषांतराची नोंद कशी करायची ते चाललंय 🙂

---

रेघोट्या

हेमू, लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत हक्क राहतात आणि भाषांतराचा हक्क त्यातच येतो. अर्धं झाल्यावर विचारताय म्हणजे धाडस आहे. आधी मूळ प्रकाशकाला पत्र लिहा. मुखपृष्ठावर नाव यायला हवं असेल तर ते करारात घालून घ्या. बाकी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

जुळे_सोलापूर_जंक्शन

हे सगळं हाताने टाईप करणार असाल तर देव तुमचं भलं करो. संदर्भांच्या नोंदी सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा. पण त्यातही भाषांतराच्या पुस्तकांना दोन खड्डे आहेत, ते सांगतो.

पहिला खड्डा. पुस्तकाची माहिती नेटवरून ओढली की भाषांतरकार बऱ्याचदा `Author` म्हणून येतो, नाहीतर `Contributor` म्हणून. `Author` झाला तर मजकुरात लिंबाळे आणि भूमकर असे दोन लेखक दिसतात, जणू दोघांनी मिळून लिहिलं. `Contributor` झाला तर नाव गायबच होतं. नावाच्या डावीकडच्या शब्दावर क्लिक करून `Translator` निवडायचं. नोंद बरोबर आहे का हे ओळखायची खूण सोपी: एकाच लेखकाच्या पुस्तकाला कंसात दोन नावं दिसली की आत जाऊन बघा.

दुसरा खड्डा सालाचा. `Date` च्या खान्यात फक्त 2003. तिथे दोन्ही सालं कोंबायचा मोह होतो, कोंबू नका. मूळ साल `Extra` मध्ये एका ओळीत लिहायचं:

```
original-date: 1984
```

मग वर्डमध्ये `Refresh` दाबा. एपीए निवडलेलं असेल तर कंसात 1984/2003 आपोआप येतं आणि यादीत शेवटी मूळ सालाचा कंसही. साल बदललं नाही तर आधी ती ओळ तपासा. स्पेलिंग चुकलं किंवा सालाआधीचा अपूर्णविराम गाळला की झोटेरो ती ओळ तुमची खाजगी टीप समजतो आणि गप्प बसतो.

---

निळी_शाई

जंक्शन, खूप आभार. आत्ता करून बघितलं. भूमकर माझ्याकडे `Contributor` म्हणूनच बसले होते!

पण दुसरा प्रश्न राहिलाच. कंसात भूमकर कसे आणू?

---

रेघोट्या

पद्धत बदला. एमएलएमध्ये सोय आहे. चर्चा भाषांतराचीच असेल तर नोंद भाषांतरकाराच्या नावाने सुरू करता येते: आधी भूमकर, नावापुढे 'भाषांतरकार', मग शीर्षक, मग लेखक लिंबाळे. मजकुरातल्या कंसातही मग भूमकरच येतात. मूळ सालही चालतं, ते शीर्षकाच्या लगेच नंतर येतं. साहित्याच्या विभागाने एपीए कशाला घ्यावं हेच मला कळत नाही. ती मानसशास्त्रवाल्यांची पद्धत.

---

ग्रंथपाल_काका

रेघोट्या, एमएलएबद्दल बरोबर सांगितलंत. पण विभागाने पद्धत ठरवून दिली असेल तर निम्म्यात बदलायची कशी? आणि सालं हवी असतील तर एमएलए उलट गैरसोयीची. तिच्या कंसात सालच नसतं, लेखक आणि पान असतं. 1978/2015 चा जो फायदा वर बोललो तो तिथे मजकुरात दिसणार नाही, वाचकाला यादीपर्यंत जावं लागेल.

एपीएत वाट आहे, फक्त ती कंसाबाहेर आहे. वाक्यातच नाव घ्या. 'भूमकरांनी इथे बोलीचा शब्द तसाच ठेवला आहे (लिंबाळे, 1984/2003, पृ. अमुक)'. वाक्याचा कर्ता भूमकर, कंस पुस्तकाचा पत्ता. तुमचा प्रबंध भाषांतरकारांवर आहे, तेव्हा तुमच्या निम्म्या वाक्यांचे कर्ते भाषांतरकार असायलाच हवेत. 'लिंबाळे लिहितात' म्हणून इंग्रजी वाक्य उद्धृत केलंत आणि त्यातल्या शब्दनिवडीवर बोललात, तर श्रेय चुकीच्या माणसाला जातं. तो इंग्रजी शब्द लिंबाळ्यांनी निवडलेला नाही.

---

अक्कलकोटचा_अप्पा

आमच्याकडे घरात कानडी, बाजारात मराठी, म्हणून मला वेगळंच पडलंय. मी एमएला नाटक घेतलंय. गिरीश कार्नाडांचं 'तुघलक' कानडीत 1964चं. इंग्रजी भाषांतर त्यांनी स्वतःच केलं, ते ऑक्सफर्डने 1972 मध्ये काढलं. मराठीत विजय तेंडुलकरांनी आणलं. आता इंग्रजी वापरलं तर लेखक कार्नाड, भाषांतरकारही कार्नाड. एकच नाव दोनदा लिहायचं? वेड्यासारखं दिसतं. आणि मराठी वापरलं तर मूळ साल कुठलं, 1964 का 1972?

---

ग्रंथपाल_काका

अप्पा, दोनदा लिहा. वेड्यासारखं दिसलं तरी चालेल, कारण त्यातूनच कळतं की मूळ नाटक इंग्रजीत लिहिलेलं नाही. भारतातल्या नाटकांबाबत हा गैरसमज फार होतो. मराठी वापराल तेव्हा मूळ साल 1964च. मध्ये कुठल्या भाषेची पायरी असली तरी मूळ साल हे पहिल्या भाषेतल्या पहिल्या प्रकाशनाचं. पायरी सांगायची असेल तर मजकुरात एका वाक्यात सांगा.

---

अर्थशास्त्र_नको_रे

काका, 'पहिलं प्रकाशन' म्हणजे नक्की काय हे इतकं सोपं नाही. मी समाजशास्त्राचा. मॅक्स वेबरचा प्रॉटेस्टंट नीतीवरचा ग्रंथ घ्या. जर्मनमध्ये तो आधी 1904–05 मध्ये नियतकालिकात निबंध म्हणून आला. मग वेबरने त्यात भर घातली, तळटिपा वाढवल्या आणि सुधारलेलं रूप 1920 मध्ये आलं. टॅल्कॉट पार्सन्सचं 1930चं इंग्रजी भाषांतर त्या 1920च्या रूपाचं आहे. आता मी (वेबर, 1905/1930) लिहू की (वेबर, 1920/1930)? लोक सर्रास 1905 लिहितात. पण पार्सन्सने जे भाषांतरलं त्यातला काही मजकूर 1905 मध्ये अस्तित्वातच नव्हता.

---

सात_रस्ता

अरे देवा. आता मूळच दोन निघाले.

---

ग्रंथपाल_काका

मी 1920 लिहीन. भाषांतर ज्या मजकुराचं झालं, त्याचं साल. नाहीतर 1920च्या तळटिपेतला एखादा विचार तुम्ही 1905च्या वेबरच्या तोंडी घालाल.

---

अर्थशास्त्र_नको_रे

पण मग विचारांच्या इतिहासात तो ग्रंथ पंधरा वर्षं पुढे सरकतो! महायुद्धाच्या आधीचा वेबर आणि नंतरचा वेबर यांत फरक आहे, आणि मुख्य सिद्धान्त महायुद्धाच्या आधीचाच आहे. वर तुम्हीच 'बलुतं' आणि 'अक्करमाशी'च्या बाबतीत क्रम महत्त्वाचा म्हणालात.

---

ग्रंथपाल_काका

तेही खरं. मुख्य सिद्धान्तावर बोलताना 1905 लिहिणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण एका प्रबंधात एकच साल ठेवा, आणि वेबर पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात सांगा की 1904–05चे निबंध 1920 मध्ये सुधारले गेले. तिरक्या रेघेत एवढा इतिहास मावत नाही.

---

रेघोट्या

मी इथे अर्थशास्त्र_नको_रे यांच्या बाजूने. वाचक ग्रंथाला 1905चा म्हणून ओळखतो. 1920 वाचला की त्याला वाटतं हा दुसराच ग्रंथ.

---

निळी_शाई

वेबरची भांडणं तुम्ही सोडवा, मी पवार-लिंबाळे सुधारत बसलेय. पण एक नवीन प्रश्न उभा राहिला. काही ठिकाणी भूमकरांचं भाषांतर मूळ मराठीशी ताडून बघताना मी मराठी वाक्य घेऊन त्याचं माझं स्वतःचं इंग्रजी देते. म्हणजे तिथे भाषांतरकार मी. त्याची नोंद कशी? माझं नाव 'भाषांतरकार' म्हणून टाकायचं का?

---

जुळे_सोलापूर_जंक्शन

टाका की. स्वतःलाच उद्धृत केल्याचा मान मिळेल 😄

---

ग्रंथपाल_काका

नाही, टाकू नका. भाषांतरकाराचा कंस फक्त छापून आलेल्या भाषांतराला. तुम्ही वापरताय ते 1984चं मराठी पुस्तक, म्हणून त्याची यादीत वेगळी नोंद होईल: लेखक, 1984, शीर्षक रोमन लिपीत, मराठी प्रकाशक. शीर्षकाच्या पुढे त्याचा इंग्रजी अर्थ चौकोनी कंसात. मजकुरात नुसतं (लिंबाळे, 1984), रेघ नाही. एपीए तुमच्या स्वतःच्या भाषांतराला शब्दशः उद्धृत मानतच नाही, तुमच्या शब्दांत सांगितलेला आशय मानते, म्हणून त्याला अवतरणचिन्हंही नकोत. भाषांतर तुमचं आहे हे प्रस्तावनेत एकदा सांगून टाका.

तुमच्या यादीत मग लिंबाळ्यांच्या दोन नोंदी होतील, 1984ची आणि 2003ची. हीच तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट आहे. कंसात रेघ दिसली की उतारा भूमकरांच्या इंग्रजीतला, रेघ नाही तर मूळ मराठीतून तुम्ही आणलेला. परीक्षकाला वेगळं सांगावं लागणार नाही.

फक्त एक. अवतरणचिन्हं नसली की तुलनेच्या तक्त्यात तुमचं वाक्य आणि भूमकरांचं वाक्य शेजारी विचित्र दिसेल, एकाला चिन्हं आणि एकाला नाही. तिथे मूळ मराठी वाक्यही तिसऱ्या रकान्यात द्या, म्हणजे वाचक स्वतः पडताळेल.

---

निळी_शाई

तिसरा रकाना देवनागरीत चालेल का रोमनमध्येच हवा? आमच्या विभागात यावर वेगळंच युद्ध आहे.

---

ग्रंथपाल_काका

तक्त्यातला उतारा देवनागरीत ठेवा. यादीतलं शीर्षक तेवढं रोमन. बाकी विभागप्रमुखांना विचारून लेखी घ्या, तोंडी उत्तर परीक्षकापुढे टिकत नाही.

---

होटगीचा_हेमू

रेघोट्या सर, वेगळा धागा काढलाय. प्रकाशकाला पत्र इंग्रजीत लिहायचं ना? मसुदा तिथे टाकलाय, बघता का जरा.